'तत्त्वमसि'मधला 'तू' कोण?

मंडळी, गोव्यात वेदान्ताचा वाद म्हटला की आपल्याला दोन मठ आठवतात. कवळ्याचा मठ अद्वैताचा, पर्तगाळचा मध्वाचार्यांच्या द्वैताचा. रामानुजांचं विशिष्टाद्वैत आपल्या अंगणात फारसं आलंच नाही. म्हणून ती 'दोघांमधली तडजोड' असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. का, ते एकाच वाक्यावरून सांगतो.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात श्वेतकेतू 12 वर्षं शिकून, 24 व्या वर्षी ताठ मानेनं घरी येतो. बाप उद्दालक त्याला नऊ वेळा सांगतो, 'तत् त्वम् असि', ते तू आहेस. 'ते' म्हणजे जगाचं मूळ, सर्वज्ञ असं सत्. 'तू' म्हणजे समोर बसलेला, विद्येचा ताठा चढलेला हा पोरगा. हे दोन एक कसे?

शंकराचार्यांच्या परंपरेतले पुढचे ग्रंथ इथे देवदत्ताचा दाखला देतात. तो आपण आपल्या मुलखात आणू. दहा वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाहिलेला माणूस आज फोंड्याला दिसतो आणि मी म्हणतो, 'हा तोच!' 'तो' म्हणजे तेव्हाचा, तिथला. 'हा' म्हणजे आत्ताचा, इथला. या दोन विशेषणांचं जुळत नाही, म्हणून ती दोन्ही सोडायची आणि उरलेला निव्वळ माणूस घ्यायचा. शब्दाच्या अर्थाचा एक भाग टाकून दुसरा ठेवायचा, याला भागत्यागलक्षणा म्हणतात. तसंच 'ते'मधली सर्वज्ञता आणि 'तू'मधली अल्पज्ञता या दोन्ही अविद्येनं आलेल्या उपाधी, म्हणजे वरून चिकटलेली विशेषणं. त्या बाजूला केल्या की उरतं ते एकच शुद्ध चैतन्य.

रामानुज ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या श्रीभाष्यात या दाखल्यालाच हात घालतात. ते विचारतात, इथे विरोध आहे कुठे? एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, हे खरं. पण इथे वेळ बदललेली आहे. तेव्हा तिथे होता, आता इथे आहे. वाक्य सरळ अर्थानंच खरं ठरतं, काहीही टाकावं लागत नाही. मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण तो कुठल्याही दिव्य अनुभवाचा आधार घेत नाही. गंमत म्हणजे पुढे 'वेदान्तपरिभाषा' हा अद्वैताचाच ग्रंथही म्हणतो की इथे लक्षणेची गरज नाही. अर्थात त्याची कारणं वेगळी आहेत.

मग रामानुज व्याकरणाकडे वळतात. 'निळं कमळ' या दोन शब्दांची कारणं वेगळी, एक रंगामुळे लागतो, दुसरा जातीमुळे, पण दोन्ही एकाच वस्तूवर येऊन थांबतात. याला सामानाधिकरण्य म्हणतात. निळेपणा आणि कमळपणा दोन्ही काढून टाकले, तर सांगितलं काय? तसं 'ते' म्हणजे जगाचं कारण असलेलं ब्रह्म, आणि 'तू' म्हणजे ज्याचं शरीर श्वेतकेतूचा जीव आहे ते ब्रह्म. वस्तू एकच, विशेषणं दोन.

इथे 'शरीर' म्हणजे हाडामांसाचा देह नव्हे. एखादा चेतन जे द्रव्य आपल्या हेतूसाठी पूर्णपणे चालवतो, धारण करतो, आणि जे केवळ त्याच्यासाठीच असतं, ते त्याचं शरीर. 'तो सावळा माणूस हुशार आहे' असं आपण सहज म्हणतो. सावळेपणा देहाचा, हुशारी जीवाची, पण 'माणूस' हा शब्द देहापाशी न अडता आतल्यापर्यंत पोचतो. रामानुज म्हणतात, 'तू' हा शब्द तसाच जीवापाशीही न थांबता त्याच्या अंतर्यामीपर्यंत, म्हणजे त्याला आतून चालवणाऱ्या ब्रह्मापर्यंत जातो. जीव ब्रह्मावाचून राहू शकत नाही, आणि तरी तो ब्रह्म होऊन संपत नाही. म्हणून याला तडजोड म्हणवत नाही. एकत्व इथेही तितकंच आग्रहानं मांडलेलं आहे, फक्त ते विशेषणांसकट आहे.

दोघांनाही किंमत मोजावी लागते. रामानुजांना कुणी विचारेल, बापानं 'तू' म्हटल्यावर पोरगा स्वतःचाच विचार करणार ना, आतल्या नियंत्याचा कशाला? अद्वैत्याला रामानुजच विचारतात, अविद्या कुणाची? ब्रह्माची म्हणावी तर ते स्वयंप्रकाश ज्ञान आहे, जीवाची म्हणावी तर जीवपणच अविद्येतून आलेलं. अद्वैती उत्तर देतो की हा प्रश्नही अविद्येच्या आतलाच आहे. या उत्तरानं माझं समाधान झालेलं नाही, पण ते उडवूनही लावता येत नाही.

पहिल्या आक्षेपावर रामानुज बृहदारण्यक उपनिषदातला 'अंतर्यामी ब्राह्मण' हा भाग पुढे करतात. तिथे पृथ्वी, पाणी, अग्नी ही एकेक करून अंतर्यामीची शरीरं म्हणून मोजली आहेत. मग या उपनिषदाच्या काण्व शाखेच्या पाठात शब्द येतो 'विज्ञान', आणि माध्यंदिन शाखेत त्याच जागी येतं 'यस्य आत्मा शरीरम्', आत्मा ज्याचं शरीर आहे. शंकराचार्यांचं भाष्य काण्व पाठावर आहे. पण माध्यंदिन पाठही त्यांना ठाऊक होता. ब्रह्मसूत्रभाष्यात ते दोन्ही पाठ देतात आणि म्हणतात, जीव व अंतर्यामी हा भेद उपाधीमुळे आहे, खरा नाही. रामानुजांच्या दृष्टीनं 'यस्य आत्मा शरीरम्' या तीन शब्दांतच श्वेतकेतूचा 'तू' उलगडलेला आहे.