दुसरी सही

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, "विधी राहिला तर लग्न टिकतं का?" त्याकडे येतोच. पण आपण फोंड्यात बसलोय, म्हणून आधी आपल्या गोव्याचं बोलू.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. देवळात लग्न झालेलं. अंतरपाट, मंगलाष्टकं, होम, सप्तपदी, काही म्हणता काही राहिलं नव्हतं. लग्नाआधी दोघं सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन सही करून आले होते. पुढे नवरा वारला आणि दिरांनी घराच्या वाटणीत बाईंना धरलंच नाही. त्या म्हणाल्या, "वकीलबाब, सही केली होती ना!" केली होती, पण ती पहिली.

पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणं. मग कार्यालयात नोटीस लागते, पंधरा दिवस कुणालाही हरकत घेता येते. ती मुदत उलटल्यावर दोघांनी पुन्हा जायचं आणि साक्षीदारांसमोर दुसरी सही करायची. कायद्याच्या लेखी लग्न लागतं ते तेव्हा. इथे १९१० चा पोर्तुगीज विवाह कायदा अजून चालतो. त्यात लग्न हा रजिस्ट्रारसमोर होणारा करार आहे, भटजींसमोरचा विधी नव्हे. ख्रिस्ती जोडप्याला रजिस्ट्रारचा ना हरकत दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न लावता येतं. आपल्या देवळाला तशी सोय नाही, आणि मला ही गोष्ट फार खटकते.

गोव्यात वेगळा करारनामा केला नसेल तर लग्नाबरोबर मालमत्ता दोघांची सामाईक होते, निम्मी बायकोची. या बाईंची ती निम्मी गेली, कारण दुसऱ्या सहीच्या वेळी घरात पाहुणे होते आणि मग "करू रे पुढच्या आठवड्यात" असं होत राहिलं. आपल्याकडे हॉल महिनोन्‌महिने आधी बुक होतो. सहीची तारीख मात्र कुणाच्या डायरीत नसते. हसू नका, घरी जाऊन बघा!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय.

गोव्याबाहेर १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे, आणि तिथे गणित उलटं. कलम ७ म्हणतं, वर किंवा वधू यांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. रूढीतच सप्तपदी नसेल तर ती नसल्यानं काही बिघडत नाही, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. १९६५ च्या भाऊराव लोखंडे खटल्यात दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी नव्हती. पाच-सात वर्षांपासून आम्ही हे विधी करत नाही, असं सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढ्यानं रूढी बनत नाही. दुसरं लग्नच सिद्ध होईना, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही टिकला नाही.

नोंदणीनं ही उणीव भरून निघत नाही. २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात दोन वैमानिकांकडे नोंदणीचा दाखला होता, विधी झालेच नव्हते. न्यायालयानं सांगितलं, हे लग्न नाही. उलट विधी रीतसर झाले आणि नोंदणी राहिली, तर कलम ८ प्रमाणे लग्नाला धक्का लागत नाही.

म्हणजे रत्नागिरीतल्या मुलीला सप्तपदीचे फोटो जपून ठेवायला सांगा. फोंड्यातल्या मुलीला विचारा, दुसरी सही झाली का, आणि त्यानंतरचा विवाहाचा दाखला हातात घेऊन बघा.