कांड्या भरणारे हात कोण मोजणार?

मंडळी, शहरी गरिबांसाठीच्या धोरणांवर मी एक निबंध लिहितो आहे. त्यातला एकच प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो. झोपडपट्टीतल्या कुटुंबाला पक्कं घर दिलं, तर त्याच्या रोजगाराचं काय होतं?

घर नको असं कुणी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९च्या पावसात आपल्या बेळगाव जिल्ह्यात किती घरं पडली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं की वडगाव-शहापूरकडच्या माणसांची झोप उडते. हक्कपत्र हातात पडणं ही त्या घरासाठी फार मोठी गोष्ट असते. म्हणूनच या हिशेबाची दुसरी बाजू नीट मांडायला हवी.

अहमदाबादेत १९८७ साली विडी कामगार बायकांमध्ये घरांची सोडत निघाली. घरं चांगली होती, पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर लांब. घरं मिळाल्यावर चौदा वर्षांनी अभ्यासकांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना केली. सोडत लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथं राहायलाच गेले नव्हते आणि ३२ टक्के जाऊन पुन्हा निघून आले होते. घर सुधारलं होतं, पण मिळकतीत फरक पडला नव्हता. उलट, अडीअडचणीला धावून येणारी नात्यागोत्याची माणसं दुरावली होती.

आता वडगाव-खासबागकडे या. मागांच्या खडखडाटात वाढलेल्यांना कांड्या भरणं काय ते सांगायला नको. मालक सूत देतो, बाई घरी रहाटावर ते छोट्या नळ्यांवर गुंडाळते, म्हणजे कांड्या भरते, आणि भरलेल्या कांड्या मागावर पोचवते. दिवसातून दोन-तीन खेपा होतात. मधल्या वेळेत स्वयंपाक, पाणी, पोर शाळेतून आणणं. हे काम चालतं ते माग चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे म्हणून. कांडी संपली की माग थांबतो आणि थांबलेला माग मालकाला परवडत नाही.

समजा, असं एक कुटुंब आठ किलोमीटरवर गेलं. नवरा मागावर मजूर, बायको कांड्या भरते. बायकोचे रोजचे शंभर रुपये धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांचे अडीच हजार. नवऱ्याचं जाण्या-येण्याचं भाडं रोज तीस धरलं, तर साडेसातशे. इमारतीच्या देखभालीचे तीनशे. म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक फटका. झोपडी स्वतःची होती, तेव्हा भाडं वाचलं असंही म्हणता येत नाही. कुणी सांगेल, जून २०२३पासून कर्नाटकच्या ‘शक्ती’ योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे. आहे, आणि ती मोलाचीही आहे. पण सूत पोचवायला मालक आठ किलोमीटर येणार नाही. शेजारच्या गल्लीत दुसरी बाई मिळते. बसचं तिकीट शून्य झालं तरी हातचं काम गेलं ते गेलंच.

मग आहे त्याच जागी बांधा, असं उत्तर येतं. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही. जागा तेवढीच, म्हणून इमारत वर चढते. तळमजला आणि वर तीन मजले अशी ९६ घरांची इमारत धरा. तळमजल्यावर २४ घरं येतील. घरात काम करणारी कुटुंबं ४० असली, तर सोळा वर जाणार. कांड्यांचा रहाट एक वेळ तिसऱ्या मजल्यावर चालेल. यंत्रमाग चालणार नाही. राहत्या खोलीची फरशी साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखतात, आणि माग नुसता जड नसतो, तो सतत हादरतो. शिवाय तीस चौरस मीटरच्या घरात माग बसवला तर माणसं झोपणार कुठं? मागाचं वीज कनेक्शन त्या जागेवरचं असतं, त्याचे सोपस्कार वेगळेच.

म्हणून माझं म्हणणं असं की तळमजल्याचा काही भाग सामाईक कामशेडसाठी आराखड्यातच राखावा. त्याने घरं कमी होतील, हे मला मान्य आहे. शेडचं वीजबिल कोण भरणार, हेही आधीच ठरायला हवं, नाहीतर दोन वर्षांत तिथं अडगळ आणि मोटारसायकली दिसतील. आणि बांधकाम चालू असताना तात्पुरता निवारा मागांपासून चालत जाण्याच्या अंतरावरच हवा. दीड-दोन वर्षं गेलेलं काम परत मिळत नाही.

योजना फसली हे ओळखायला मोठा अहवाल लागत नाही. ताबा दिल्यावर सहा महिन्यांनी वीज कंपनी हेस्कॉमच्या मीटरवरचे युनिट बघा. जिथं आकडा जवळजवळ हललेलाच नाही, तिथं कुणी राहत नाही.

आणि मुळातली चूक पहिल्या पाहणीतच होते. पाहणीवाले सकाळी अकराला येतात आणि घरात कोण, किती खोल्या, कागद कोणते, हे लिहून घेतात. बाईच्या नावापुढे ‘गृहिणी’ पडतं, कारण तिलाही ते काम ‘नोकरी’ वाटत नाही. फॉर्म कन्नडमध्ये असतो, ती मराठीत बोलते. तेव्हा संध्याकाळी जा, तिच्या भाषेत विचारा: तुला काम कोण देतं, तिथं चालत जायला किती वेळ लागतो, आणि दिवसातून किती वेळा जातेस?