दिंडीच्या चालीनं चालणारा कॅमेरा
(छायाचित्रकारांच्या एका मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय तो वारीतल्या चालत्या शॉटचा. तिकडे मी येणार आहे. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वारीतला शॉट थरथरतो तेव्हा दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, जागेचा असतो. चुकीच्या जागी उभ्या माणसाला मागचा ढकलतो, पुढचा हटकतो, स्वयंसेवक दंडाला धरून बाजूला काढतो. त्याच्या हातात कितीही महागडा गिंबल द्या, शॉट दचकतच येणार. आणि चांगली जागा मिळते ती विचारल्यानं. तेव्हा विचारणं, मग जागा, मग शॉट, या क्रमानं जाऊ.

उदाहरणाला एकच ठिकाण घेतो, चांदोबाचा लिंब. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला जाते, त्या वाटेवरचं हे पहिलं उभं रिंगण. बेलवाडीला किंवा पुरंदावड्याला गोल रिंगण असतं, तिथं मैदान असतं, बसायला जागा असते, आखलेलं वर्तुळ असतं. इथं मैदानच नाही. चालता रस्ता हेच रिंगण. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सरकतात, मध्ये एक पट्टा मोकळा होतो आणि त्यातून दोन अश्व सुटतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी नसतं, म्हणजे वारकऱ्यांच्या लेखी माउली असतात. अश्व रथामागच्या दिंड्यांपर्यंत दौडत जातात, वळतात आणि परत रथाकडे येतात. म्हणजे तुमच्यासमोरून दोनदा जातात, दोन उलट दिशांनी. हे ध्यानात ठेवा, कारण सगळी गडबड या दुसऱ्या खेपेला होते.

पहिली दौड गेली की दोन्ही बाजूंची माणसं वाकतात. टापांखालची माती कपाळाला लावायची असते. त्यासाठीच काहीजण कुठून कुठून आलेले असतात. वाकलेला माणूस अर्धं पाऊल आत येतो, त्याच्या मागचा आणखी अर्धं. बघता बघता पट्टा निम्म्यावर येतो. चोपदार आणि स्वयंसेवक लोकांना मागं सारत असतात आणि तेवढ्यात अश्व परत फिरलेले असतात. आता परतणारा घोडा दुरून दिसत नाही. माणसांच्या खांद्यांमधून तो एकदम पुढ्यात येतो.

इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एका वर्षी एका वाहिनीची तीन माणसं पहिली दौड होताच पट्ट्यात उतरली. एकजण गुडघ्यावर बसला, कॅमेरा जमिनीलगत, रोख थेट येणाऱ्या घोड्यावर. चौकट उत्तम असणार, शंका नाही. मी समोरच्या बाजूला एका दिंडीच्या मागं उभा होतो. पुढचा घोडा दिसला, स्वारानं लगाम खेचला, घोडा तिरपा झाला आणि त्याचा मागचा भाग टाळकऱ्यांच्या रांगेकडे वळला. रांग एकदम मागं रेटली गेली. एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी काय केलं असेल? वीणा छातीशी धरली आणि घोड्याकडे पाठ केली, वीणेला धक्का लागू नये म्हणून. कुणाला लागलं नाही. पण मागचा अश्व थबकला. ज्या दौडीची लोक तासन्‌तास वाट बघत उभे होते, ती त्या दिंडीसमोर चालण्यावर आली. ते विणेकरी नंतर त्या पोराला एवढंच म्हणाले, "माउली, तुमचं चित्र झालं, पण आमचं दर्शन हुकलं की." तो पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की अश्व परत येतो. माझा राग आहे तो त्याला नुसतं "लो अँगल हवा" असं सांगून पाठवणाऱ्यांवर. जो सोहळा दाखवायचा त्याचा क्रम ठाऊक नसताना माणसं पाठवायची, हा त्या सोहळ्याचा अपमान आहे. हे मी जाईन तिथं बोलतो आणि बोलत राहणार आहे.

मग उभं कुठं राहायचं? कुठल्या तरी दिंडीचं होऊन, टाळकऱ्यांच्या रांगेच्या मागं. पहिली रांग त्यांची, ती मागायचीच नाही. दोन टाळकऱ्यांच्या खांद्यांमधून लेन्स पुढं काढायची, पाय खांद्याएवढे फाकवून रोवायचे आणि दौड संपेपर्यंत ते उचलायचे नाहीत. घोड्यासोबत फिरायचं ते कमरेतून. पायांची दिशा घोडा जिकडे जाणार तिकडे आधीच ठेवली तर शेवटापर्यंत पीळ बसत नाही. पहिल्या दौडीनंतर लगेच पाय उलट्या दिशेला रोवून घ्या, कारण परतीची दौड तिकडून येणार. लोक माती घ्यायला वाकतील तेव्हा तुमच्यापुढचा भाग आपोआप मोकळा होतो, तीच तुमची चौकट. रथाच्या अगदी जवळ जाऊ नका. तिथं दाटी सर्वांत जास्त आणि दर्शनाची ओढही तिथंच. आणि बाहेर पडायची वाट बघून ठेवा. पाठीशी ओढा, कुंपण किंवा उभा ट्रक असेल तर ती जागा सोडा, मग दृश्य कितीही छान दिसो.

विचारायचं कुणाला, हे पुष्कळांना कळत नाही. तळावरच्या समाजआरतीला एकदा थांबा. चोपदार चोप उंच करतात आणि सारा तळ गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकतात, तोडगा काढतात, मग टाळ थांबतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला घालून दिलेली शिस्त आजही अशी चालते. हैबतबाबा हे शिंदे सरकारांच्या पदरी होते, अश्व आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, त्यामुळे या चालीत लष्करी बांधणी आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, जागा आहे, विणेकरी आहेत. म्हणून एकच दिंडी धरा. आदल्या संध्याकाळी तिच्या राहुटीत जा, हरिपाठाला बसा, मग दिंडीचालकांना विचारा, "माउली, उद्या तुमच्यासोबत चाललो तर चालेल का? कॅमेरा आहे." नाही म्हणाले तर दुसरी दिंडी. हो म्हणाले तर कुठं आत यायचं नाही तेही विचारून घ्या. नीरा नदीवर स्नान करणाऱ्या बायांवर, राहुटीत पाय चोळत पडलेल्या माणसांवर लेन्स रोखू नका, हे कुणी सांगायची वाट बघायचीही गरज नाही. आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या आजींना "परत एकदा चालून या" म्हणू नका. त्या चालून आल्या की झालं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. चालत्या शॉटला आता भराभर हात घालतो.

दिंडीची रचना तुम्हाला माहीत आहे. पुढं पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज, मग विणेकरी, त्यांच्यामागं तुळशी आणि हंडे घेतलेल्या बाया. सगळ्यांना शॉट हवा असतो तो पताकांपुढं उलटं चालत. पण तुमच्या पाठीशी कोण असतं? पुढच्या दिंडीच्या तुळशीवाल्या. त्यांच्या मानेवर ओझं आहे, त्यांना वळून बघता येत नाही. म्हणून उलटं चालायचंच असेल तर एक साथीदार हवा. त्यानं तुमच्या पाठपिशवीचा पट्टा धरायचा आणि बोलत राहायचं, "खड्डा, डावीकडे, थांब." साथीदार नसेल तर हा शॉट घेऊ नका. त्याऐवजी रस्त्याच्या कडेनं दिंडीबरोबर पुढं तोंड करून चाला आणि कॅमेरा तेवढा बाजूला वळवा. वाट दिसते, कुणाच्या अंगावर जात नाही, शिवाय टाळकऱ्यांचे हात आणि चेहरे एका रांगेत सरकतात. मला हा शॉट समोरच्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

गिंबल सगळी हालचाल सावरतो, असा एक गैरसमज आहे. तो कॅमेऱ्याचं झुकणं, वळणं, तिरपं होणं सावरतो. तुमच्या पावलांनी होणारं खाली-वर तो सावरत नाही. हे खाली-वर जवळच्या वस्तूवर फार दिसतं, लांबच्यावर जवळजवळ नाही. म्हणून चौकटीत अगदी जवळची पताका किंवा खांदा घेऊ नका, मुख्य माणूस दोन-अडीच मीटरवर ठेवा. गुडघे किंचित वाकलेले, कोपरं अंगाला, पुढं चालताना टाच आधी आणि मग चवडा, उलटं चालताना चवडा आधी.

आणि चाल त्यांची धरा. पावली खेळताना दिंडी पुढं जाते, मागं येते. पखवाज दुप्पट लयीत गेला की माणसं जागेवर नाचतात, पुढं सरकत नाहीत. तेव्हा तुम्हीही थांबा. नजर पडद्यावर आणि कान पखवाजावर असला की कधी थांबायचं ते आधीच कळतं.

फोकस स्वयंचलित ठेवू नका. पताका लेन्ससमोरून फडकली की तो तिच्यावर उडी मारतो आणि परत यायला वेळ घेतो. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स, छिद्र एफ/८, फोकस हातानं अडीच मीटरवर. मग साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. सेकंदाला २५ चौकटी असतील तर शटर १/५० ठेवा. ढगाळ आषाढातही एवढ्यावर चित्र पांढरं पडतं, म्हणून काळं एनडी फिल्टर लावा. छिद्र कमी करून वा शटर वाढवून भागवू नका. शटर फार वाढवलं की टाळांची हालचाल तुटक दिसते.

मोबाइलवाल्यांना एवढंच. फोन स्वतः चित्र स्थिर करतो तेव्हा कडा कापतो, म्हणून चौकट थोडी सैल ठेवा. संध्याकाळी उजेड उतरला की अतिरुंद लेन्स सोडा आणि मुख्य लेन्सवर या. बऱ्याच फोनमध्ये अतिरुंद लेन्सचा सेन्सर लहान असतो, अंधारात शटर लांबतं आणि प्रत्येक पावलाला चित्र पुसटतं. पाऊस लागला तर स्थिरीकरण बघण्याआधी लेन्स पुसा. थेंबातून फोकस सारखा शोधत राहतो आणि लोकांना वाटतं हात हलतोय. पुसायला सुती फडकं पिशवीत नको, खिशात हवं.