दुःखाच्या घरी काय न्यावे

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या भागात मयतीच्या घरी रिकाम्या हाताने कोणी जात नाही आणि ही रीत चांगलीच आहे. मात्र आपण नेलेल्या वस्तूने त्या घरावरचा भार हलका होतो की वाढतो, हे आपण फारसे तपासत नाही. आज मी त्याच एका प्रश्नावर बोलणार आहे.

गेल्या आषाढात माझ्या शेजारच्या घरातला कर्ता माणूस गेला. सहा एकर कपाशी, घरात पाच माणसे आणि मुक्कामाला आलेले दहा सोयरे, अशी पंधरा तोंडे होती. पहिल्या दिवशी चूल पेटली नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत सात घरांतून डबे आले. निम्मे वरण दुसऱ्या दिवशी आंबले आणि गुरांपुढे गेले. चौथ्या दिवसापासून मात्र एकही डबा आला नाही, आणि रडून थकलेली सून पंधरा जणांच्या भाकरी थापत बसली. यावर उपाय साधा आहे. गल्लीतल्या एका बाईने वार वाटून घ्यावेत. पंधरा माणसांना एका वेळी सुमारे दोन किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकरी आणि पाऊण किलो तुरीच्या डाळीचे वरण बहुधा पुरते, म्हणजे एका घराला ते जड नाही. काही घरांत सुतकात फोडणी चालत नाही, तेव्हा आधी विचारावे. गोडधोड आणि तळलेले नेऊ नये. भांडे साधे असावे आणि ते आपणच थांबून रिकामे करून परत आणावे, कारण आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत आणि त्या सुनेला त्याही अवस्थेत काहीतरी घालून देण्याची काळजी लागते.

अति होते ते तेरवीला. त्या घरी तेरवीच्या दिवशी टोप्या, दुपट्टे, साड्या आणि ब्लाउजपीस यांचा ढीग पडला आणि एक पोरगा वही घेऊन कोणी काय दिले ते लिहीत बसला. वहीत लिहिलेला आहेर म्हणजे परत करायचा आहेर. माझ्या माहितीत त्यातले अर्धे कापड कोणी अंगाला लावले नाही, ते पुढच्या मयतीत दुसऱ्याच्या गळ्यात पडले. सख्ख्या नात्यात, म्हणजे माहेरच्या किंवा मुलीच्या सासरच्या माणसांकडून, कापड येणे ठीक आहे. बाकीच्यांनी पैसे द्यावेत, घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात, वहीत नाव न लिहिता. रुपया चिकटवलेले पाकीट लग्नाचे असते, ते इथे वापरू नये. पाचशे रुपये देण्याची ऐपत नसेल तर साखर, चहापत्ती आणि तेल न्यावे, कारण भेटायला येणाऱ्यांचा चहा दहा दिवस थांबत नाही.

विधवेला पांढरे किंवा फिके लुगडे नेणे मी स्वतः थांबवले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तसे परिपत्रक काढले. ती बाई कालपर्यंत जे नेसत होती त्याच रंगाचे लुगडे न्यावे. बौद्ध कुटुंबाच्या पुण्यानुमोदनाला मात्र पांढरा रंग वेगळ्या अर्थाने असतो. तिथे तो वैधव्याची खूण नाही, म्हणून हा आक्षेप तिथे लागू करू नये.

मदत देताना फोटो काढणे हा नवा उपद्रव आहे. धान्याची पिशवी धरून उभ्या असलेल्या विधवेचा फोटो तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वर्गातल्या मोबाइलवर जातो, एवढे लक्षात ठेवावे.

आता त्या घराला खरोखर उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी सांगतो. आषाढातली कपाशी सुतक पाळत नाही. गवत वर येत होते, म्हणून सातव्या दिवशी तिघांनी आपापली बैलजोडी आणि डवरा नेला आणि सहा एकर दिवसभरात आटोपले, बायांनी पुढचे दोन दिवस निंदण केले. दुसरे काम कागदाचे होते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत केली तर शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानगीची धावपळ सुरू होते. एका शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत नोंद करवून दाखल्याच्या पाच प्रती आणून दिल्या, कारण बँक, विमा आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी दाखला मागतात. मुलगा त्या वेळी तेरवीच्या किराण्याची यादी करत होता. त्याने दाखले घेतले, पिशवीत ठेवले आणि यादीतली डाळ किती लागेल ते विचारू लागला.