पेन्शनच्या चिठ्ठीतली अंशराशीकरणाची ओळ

मंडळी, मी कोषागारात नोकरी केली, आता मीही पेन्शनर आहे. रंकाळ्यावर फिरताना कुणी ना कुणी मला थांबवतं आणि मोबाईल पुढे करतं, "साहेब, एवढेच का आले?" म्हणून आज एका गृहस्थांची चिठ्ठीच तुमच्यापुढे उलगडतो. नाव सांगत नाही. राज्य सरकारातून ५८व्या वर्षी निवृत्त झाले, आज वय ६२.

त्यांचं मूळ निवृत्तिवेतन ५०,०००. त्यातला ४० टक्के भाग, म्हणजे महिना २०,००० रुपये, त्यांनी विकला. हेच अंशराशीकरण. यापेक्षा जास्त विकता येत नाही. २०,००० गुणिले १२ महिने, गुणिले तक्त्यातला वयाचा गुणक. पुढच्या वाढदिवसाला ५९ पूर्ण होणार असतील तर तो ८.३७१. रक्कम झाली २०,०९,०४०. ती त्यांना एकरकमी मिळाली, आणि सरकारी कर्मचाऱ्याला त्या रकमेवर कर नाही.

चिठ्ठीत दर महिन्याला 'अंशराशीकरण कपात २०,०००' दिसते. पुष्कळांना वाटतं, हा कर्जाचा हप्ता आहे आणि २० लाख फिटले की सुटला. तसं नाही. ही कपात पंधरा वर्षं चालते, रकमेचा हिशेब काहीही होवो. आणि पंधरा वर्षं निवृत्तीच्या तारखेपासून नव्हे, तर कपात जेव्हापासून लागू झाली तेव्हापासून मोजायची. मे अखेरीस निवृत्त झालात आणि कपात ऑगस्ट २०१०पासून सुरू झाली, तर शेवटची कपात जुलै २०२५ची, ऑगस्टपासून पूर्ण पेन्शन. ती तारीख पीपीओच्या कागदांत शोधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत उलटूनही कपात चालू राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आता महागाई वाढ. आपण डीए म्हणतो, पण पेन्शनरांसाठी शासन निर्णयात शब्द 'महागाई वाढ' असाच असतो. ती कशावर मोजायची? हातात येणाऱ्या ३०,०००वर नाही, तर विक्रीपूर्वीच्या पूर्ण ५०,०००वर. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर ५० टक्के धरू. महागाई वाढ २५,००० झाली. कुणी चुकून ३०,०००वर काढली तर १५,०००च होईल आणि महिन्याला दहा हजारांचा फटका बसेल. म्हणून चिठ्ठी हातात आली की पहिलं काम हे करा: महागाई वाढीच्या रकमेला मूळ निवृत्तिवेतनाने भागा आणि शंभरने गुणा. शासन निर्णयातला दर निघाला पाहिजे. दर वाढल्यावर थकबाकी आली, तर त्या महिन्यापुरता हा ताळा जुळणार नाही, थकबाकी वेगळी काढून मग बघा.

म्हणजे ५०,००० वजा २०,००० अधिक २५,०००, एकूण ५५,०००. पंधरा वर्षं झाली की फक्त २०,०००ची कपात थांबते. महागाई वाढ तेव्हा हलत नाही, कारण ती आधीपासूनच पूर्ण रकमेवर होती.

या गृहस्थांची अडचण मात्र शेवटच्या ओळीत, आयकर कपातीत होती. वर्षाला हातात येतात ६,६०,०००. विकलेला भाग महिन्याला मिळतच नाही, तर त्यावर कर कसला? पण हिशेब लावणाऱ्याने ७५,००० गुणिले १२, म्हणजे ९,००,००० धरले होते. त्यांनी जुनी करपद्धत मागितली होती आणि बचतीचे कागद दिले नव्हते. प्रमाणित वजावट ५०,००० काढली तर खरा कर उपकरासह ३३,२८०. ९ लाखांवर तोच ८३,२००. जवळजवळ पन्नास हजारांचा फरक! आणि नवी करपद्धत घेतली असती तर? २०२५-२६मध्ये तिथे १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. एवढ्या पेन्शनला चिठ्ठीत कराची ओळ दिसली तर आधी एवढंच विचारा, माझ्या नावावर कुठली पद्धत नोंदली आहे?

आम्ही दोघांनी मिळून एक साधा अर्ज लिहिला. सोबत पीपीओची प्रत आणि गेल्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या जोडल्या, आणि अंशराशीकरणाच्या रकमेखाली लाल रेघ ओढली. पोच घेतली. पुढच्या महिन्यापासून कपात दुरुस्त झाली. आधीच सरकारजमा झालेला कर कार्यालय हातात परत देऊ शकत नाही. उरलेल्या महिन्यांत तो जितका समायोजित झाला तितका झाला, बाकीसाठी २६एएसमध्ये कापलेली रक्कम दिसते की नाही ते पाहून आम्ही विवरणपत्रात परतावा मागितला.