वॉरंटीतील कन्सोल आणि एचडीएमआय पोर्टची तक्रार

श्रोतेहो, नमस्कार. ऑनलाइन घेतलेल्या गेमिंग कन्सोलचा एचडीएमआय पोर्ट वॉरंटीच्या मुदतीत बिघडला, तर तो बदलून मागण्यासाठी विक्रेत्याला तक्रारपत्र कसे लिहावे, याविषयी आज मी बोलणार आहे. अशा पत्राला बहुतेक वेळा ठरावीक उत्तर येते, ते म्हणजे "हे बाहेरून झालेले नुकसान आहे, ते वॉरंटीत बसत नाही." आपले पत्र टिकते की नाही, हे या एका उत्तराला त्यात आधीच जबाब दिलेला आहे की नाही यावर ठरते.

त्यासाठी प्रथम पोर्टच नीट पाहिला पाहिजे. कन्सोल बंद करून, वायर काढून, टॉर्चच्या उजेडात आत पाहिले की मधोमध एक पातळ प्लास्टिकची पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून 19 बारीक पिना दिसतात. पट्टी तुटलेली असेल किंवा पिना वाकून एकमेकींना टेकल्या असतील, तर केबल तिरकी किंवा उलटी रेटली गेल्याचा संशय घेतला जाणारच. याउलट पिना सरळ आहेत, धातूच्या कडेवर ओरखडा नाही, तरीही केबल लावल्यावर संपूर्ण पोर्ट हलतो आणि चित्र येते-जाते, असे असेल तर पोर्ट मदरबोर्डला जोडणारे सोल्डरिंग सुटले असण्याची शक्यता मोठी असते. हा फरक पत्रात स्पष्ट शब्दांत आला पाहिजे.

दुसरी केबल, दुसरा टीव्ही आणि त्याच टीव्हीचे दुसरे इनपुट, हे तिन्ही वापरून पाहावे. कन्सोलचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर सिग्नल नाही, आणि त्याच केबलने दुसरे उपकरण व्यवस्थित चालते, एवढे दिसले की केबल किंवा टीव्हीकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. मात्र कन्सोल उघडू नये आणि गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडेही नेऊ नये, कारण सील तुटले की वॉरंटीचा वाद तेथेच हरल्यासारखा होतो.

आता एक पत्र घेऊ. समजा, कन्सोलला एक वर्षाची वॉरंटी आहे आणि चौथ्या महिन्यात चित्र येणे बंद झाले. सुरुवातीला ऑर्डर क्रमांक, बिलाची तारीख, माल मिळाल्याची तारीख आणि कन्सोलच्या पाठीवरील सिरियल नंबर द्यावा. मग मजकूर असा असावा: "सदर कन्सोल घरी एकाच जागी ठेवलेला असून तो पडलेला किंवा उघडलेला नाही. केबल लावल्यावर पोर्ट सैल हलतो व चित्र खंडित होते. वेगळी केबल व वेगळा टीव्ही लावूनही दोष कायम आहे. पोर्टमधील पिना सरळ असल्याची छायाचित्रे आणि पोर्ट हलत असल्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. हा निर्मितीतील दोष असल्याने कन्सोल बदलून द्यावा. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. तक्रार नाकारायची असल्यास तपासणीचा लेखी अहवाल आणि छायाचित्रे द्यावीत." यातील शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळे न तपासता नकार देणे अवघड होते. अर्थात, यातले जे खरे असेल तेवढेच लिहावे. वाकलेली पिन सर्व्हिस सेंटरमध्ये लगेच दिसते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अनेक वॉरंटींमध्ये दुरुस्ती करायची की वस्तू बदलायची, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. म्हणून केवळ वॉरंटीवर विसंबू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे, सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि त्याचा उल्लेख पत्रात करावा. पत्राची प्रत ज्या संकेतस्थळावरून खरेदी झाली त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवावी. त्याने 48 तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार सोडवणे याच नियमांनी बंधनकारक आहे. तसे न घडल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते, आणि ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय 2019 च्या कायद्याने केली आहे, त्यामुळे सांगलीच्या ग्राहकाला विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत.

विक्रेत्याने कन्सोल परत मागवला, तर कुरिअरवाल्याच्या हाती देण्याआधी सिरियल नंबर, सील आणि पोर्ट यांची छायाचित्रे पुन्हा काढावीत, शक्य असल्यास मूळ खोक्यात भरताना व्हिडिओ घ्यावा आणि पावती जपून ठेवावी, म्हणजे वाटेत काही मोडले तरी त्याचा दोष आपल्या माथी येणार नाही.