दुप्पट व्हायला किती वर्षं?

फळ्यावर मी दोनच आकडे लिहितो. 1961च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या 43.92 कोटी होती, 1971 साली ती 54.82 कोटी झाली. वाढ 10.90 कोटींची. तिला 43.92 ने भागलं की दशवार्षिक वाढ येते 24.8 टक्के. आता वार्षिक दर सांगा. मागून उत्तर आलंच, 2.48! दहाने भागून मोकळे झालात. पण बँकेतल्या ठेवीसारखंच इथेही व्याजावर व्याज चढतं. या दशकात जन्मलेली मुलं पुढे आईबाप होतात. म्हणून चक्रवाढीचा दर काढायचा. 1.248 चं दहावं मूळ 1.0224 येतं, म्हणजे दर 2.24 टक्के.

दुपटीच्या काळासाठी 70 ला या दराने भागायचं. 70 कुठून आला? 2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम 0.693 आहे, त्याची शंभरपट साधारण 70. उत्तर येतं 31 वर्षं. 2.48 धरलं असतं तर 28 आलं असतं. एवढ्याशा चुकीने तीन वर्षं गेली.

तर 1971 मध्ये 31 मिळवा. 54.82 ची दुप्पट, म्हणजे 109.6 कोटी, 2002 साली व्हायला हवी होती. पण 2001 ची गणती 102.87 कोटींवर थांबली, 2011 ची 121.09 कोटींवर. मधल्या वर्षांचा हिशेब केला तर 109.6 चा टप्पा 2005 च्या सुरुवातीला येतो. सूत्र बरोबर होतं, दर टिकला नाही. 2001 ते 2011 मध्ये तो 1.64 वर आला होता. दुपटीचा काळ हे भाकीत नसतं, ‘दर असाच राहिला तर’ एवढंच ते सांगतं.

दर उतरला तो जन्म कमी झाल्यामुळे, आणि लोकसंख्येच्या लाभांशाची, म्हणजे कमावत्या वयाच्या माणसांचा वाटा वाढण्याच्या फायद्याची, गोष्ट तिथूनच सुरू होते. 1971 साली शंभरातले 42 जण पंधरा वर्षांखालचे होते, 6 जण साठीचे किंवा त्यापुढचे. उरलेल्या 52 जणांवर 48 जणांचा भार, म्हणजे कमावत्या वयाच्या शंभर माणसांमागे 92 अवलंबित. 2011 पर्यंत मुलांचा वाटा 31 वर आला, वृद्धांचा 9 वर गेला, मधले 60 झाले. भार 92 वरून साधारण 66 वर आला. लाभांश म्हणतात तो हाच.

पण थांबा. ‘कमावत्या वयाचा’ आणि ‘कमावता’ यांत फरक आहे. त्याच 2011 च्या जनगणनेत काम करणारे शंभरात 40 सुद्धा भरत नाहीत, 39.8 आहेत. मग शंभर कामकऱ्यांमागे इतर किती? 60.2 भागिले 39.8, म्हणजे 151. फळ्यावर 66, प्रत्यक्षात 151. यातली मोठी तफावत कुठून येते हेही तीच जनगणना सांगते: पुरुषांत काम करणारे 53 टक्के, स्त्रियांत 25.5. घरचं रांधणं-धुणं या मोजणीत काम धरलेलं नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.